दांडिया बाजारातील चर आणि दहा इंची चाक : प्रकल्पाच्या नोंदी

रविवार, २ जुलै २०२३

बडोद्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाइप टाकण्यासाठी खोदलेला चर वरवर बुजवला होता. पहिल्या मोठ्या पावसात तो खचला. आज पट्टीने मोजला तेव्हा रुंदी तीस सेंटीमीटर आणि खोली सात ते आठ सेंटीमीटर भरली. चर रस्त्याला काटकोनात नसून तिरका गेला आहे. वहिनी रावपुऱ्याकडून वळून येतात तेव्हा त्यांची स्कूटर याच चरावर मागच्या बाजूने सरकते. "कुणी तरी मागून धक्का दिल्यासारखं होतं," असे त्या सांगतात. पुतण्याची शंभर सीसीची मोटरसायकल मात्र त्याच चरावरून, त्याच वेगाने, केवळ एक दणका खाऊन पुढे जाते.

घरातले उत्तर तयार होते : "स्कूटरची चाकं लहान, म्हणून." मला हे उत्तर अपुरे वाटते, कारण ते फक्त दणक्याविषयी बोलते, सरकण्याविषयी काहीच सांगत नाही. म्हणून पावसाळ्यातले रविवार या चराला द्यायचे ठरवले आहे. मी तांत्रिक शाळेत पुष्कळ वर्षे ड्रॉइंग शिकवले असल्याने मोजमापाची हौस अजून जिवंत आहे. पुतण्या अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि त्याच्या मोबाइलमध्ये सेकंदाला २४० चित्रे टिपणारा कॅमेरा आहे.

पहिलेच माप अनपेक्षित निघाले. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांमधले अंतर स्कूटरचे १२४ सेंटीमीटर आणि मोटरसायकलचेही जवळजवळ तेवढेच आले. मोटरसायकल लांब असते म्हणून स्थिर असते, असे मी आजवर न तपासता मानत होतो. निदान या दोन गाड्यांच्या बाबतीत ते खरे नाही. वजनेही फार वेगळी नाहीत, दोन्ही गाड्या एकशे दहा किलोच्या आसपास आहेत.

रविवार, ९ जुलै २०२३

आज चाकांची भूमिती पाहिली. स्कूटरच्या दोन्ही टायरांवर ९०/१००-१० असे लिहिलेले आहे. त्याचा अर्थ असा, की टायरची रुंदी ९० मिलिमीटर, उंची रुंदीच्या शंभर टक्के म्हणजे तीही ९० मिलिमीटर, आणि रिम दहा इंची म्हणजे २५४ मिलिमीटर व्यासाचे. सगळे मिळून चाकाचा व्यास ४३४ मिलिमीटर, म्हणून त्रिज्या २१७. मोटरसायकलचे रिम अठरा इंची असून चाकाची त्रिज्या तीनशे मिलिमीटरच्या आसपास येते.

पुठ्ठ्याच्या दोन चकत्या खऱ्या मापाच्या कापल्या, भिंतीवर तीस सेंटीमीटर रुंदीचा चर खडूने काढला आणि चकत्या त्यात उतरवल्या. लहान चकती साठ मिलिमीटर आत गेली, मोठी चाळीस मिलिमीटरवर अडली. दोन्ही तळाला टेकल्या नाहीत, म्हणजे या चराची खरी खोली चाकाच्या दृष्टीने गौण असून रुंदी महत्त्वाची आहे. चराच्या पलीकडच्या कडेला चकती जिथे टेकते तिथून आसापर्यंत रेष ओढली आणि ती उभ्या रेषेशी किती कोन करते ते कोनमापकाने पाहिले. लहान चाकासाठी ४४ अंश आणि मोठ्यासाठी ३० अंश आले. हा कोन जितका मोठा, तितका कडेचा धक्का वर उचलण्याऐवजी मागे ढकलणारा असतो. शॉकअप वरखाली हालचाल झेलण्यासाठी असतो, मागे ढकलणारा भाग त्याला फारसा झेलता येत नाही आणि तो सरळ चेसिसमध्ये, तिथून हातांत आणि कमरेत जातो.

पुतण्या खूश झाला, "काका, संपला प्रकल्प!" परंतु पुठ्ठ्याची चकती भिंतीवर स्थिर होती, आणि वहिनी चरावरून तीसच्या वेगाने जातात.

रविवार, १६ जुलै २०२३

ताशी तीस किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. या वेगाने तीस सेंटीमीटरचा चर ओलांडायला ३६ मिलिसेकंद लागतात, आणि साठ मिलिमीटर खाली जायला चाकाला तेवढा वेळ पुरतो की नाही, हा आजचा प्रश्न होता. चाक नुसते गुरुत्वाकर्षणाने पडले तर एवढ्या वेळात ते सहा-सात मिलिमीटरच उतरेल. पण ते नुसते पडत नाही, दाबून बसलेली स्प्रिंग त्याला खाली ढकलत असते, त्यामुळे उतरण्याचा वेग कितीतरी पट वाढतो. तरीही तो किती वाढेल हे त्या चाकासोबत हलणाऱ्या वस्तुमानावर अवलंबून आहे.

पाऊस थांबल्यावर सकाळी सहा वाजता, रहदारी सुरू होण्याआधी, दोन्ही गाड्या पुतण्याने चालवल्या आणि मी रस्त्याकडेला पाटावर मोबाइल टेकवून चित्रण केले. चाकांच्या आसावर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला होता आणि मागे पट्ट्या आखलेला फळा उभा केला होता. सुरसागरावर फिरायला निघालेल्या दोघांनी थांबून चौकशी केली, त्यांना सर्वेक्षण चालू आहे असे सांगितले.

संध्याकाळी चित्रे एकेक करून पाहिली. मागची चाके पाहताना माझा पहिला समज ढासळला. स्कूटरचे मागचे चाक चरात जेमतेम दीड सेंटीमीटर उतरले आणि पलीकडच्या कडेला लागले, मोटरसायकलचे मागचे चाक जवळजवळ दोन सेंटीमीटर उतरले. लहान चाक अधिक उतरायला हवे होते, इथे मोठे चाक अधिक उतरले. या खोलींवरून कडेला टेकण्याचा कोन काढला तर दोन्हींचा एकवीस-बावीस अंशांच्या घरात येतो. म्हणजे माणूस चालतो त्या वेगाला पुठ्ठ्याने दाखवलेला ४४ आणि ३० चा फरक खरा आहे, पण तीसच्या वेगाला मागच्या चाकांपुरता तो नाहीसा होतो.

पुढच्या चाकांची गोष्ट निराळी निघाली. स्कूटरचे पुढचे चाक हलके असल्याने चटकन दोन सेंटीमीटरहून थोडे अधिक उतरले, आणि त्रिज्या लहान असल्याने त्याचा कोन २७ अंशांच्या आसपास गेला. मोटरसायकलचे पुढचे चाक एकवीसच्या जवळच राहिले. तेव्हा हँडलला बसणाऱ्या दणक्यात लहान व्यासाचा वाटा निश्चित आहे, पण वहिनींची तक्रार हँडलची नाही.

मागचा खरा फरक कडेला टेकल्यानंतर दिसला. स्कूटरचे मागचे चाक कडेवरून उडाले आणि वीस चित्रांपर्यंत त्याच्याखाली उजेड दिसत राहिला. मोटरसायकलचे नऊ चित्रांत परत टेकले. वीस चित्रे म्हणजे ८३ मिलिसेकंद, आणि तेवढ्या वेळात गाडी सत्तर सेंटीमीटर पुढे गेलेली असते. जमिनीला न टेकलेला टायर बाजूने काहीच धरू शकत नाही. चर तिरका असल्याने कडेचा धक्काही थोडा तिरका बसतो, हवेतले चाक एका बाजूला सरकते आणि टेकल्यावर गाडीला झटका देऊन मूळ रेषेत आणते. वहिनींना जाणवणारा मागचा धक्का बहुधा हाच असावा.

रविवार, २३ जुलै २०२३

मागचे चाक एवढे का उडते याचे उत्तर स्कूटरच्या बांधणीत आहे. मोटरसायकलचे इंजिन चेसिसला घट्ट बोल्ट केलेले असते आणि शॉकअपसोबत फक्त मागचे चाक, ड्रम, दातेरी चकती, साखळीचा काही भाग आणि चाक धरणारा दोन दांड्यांचा स्विंगआर्म वरखाली होतो. आपल्याकडच्या गिअरविरहित स्कूटरला वेगळा स्विंगआर्म नसतोच. इंजिन, पट्ट्याचे ड्राइव्ह, शेवटचा गिअरबॉक्स आणि चाक हा एकच सांगाडा असतो. तो पुढच्या टोकाला हँगर नावाच्या जोडतुकड्याच्या रबरी बुशांवर, म्हणजे रबराच्या जाड कड्यांवर, चेसिसला टांगलेला असतो आणि मागच्या टोकाला एका शॉकअपवर टेकलेला असतो. खड्डा लागला की चाकासोबत हे सगळे हलते. पायाखाली सपाट जागा आणि सीटखाली डिकी मिळते ती याच रचनेमुळे, म्हणून तिला नावे ठेवताना हे लक्षात ठेवलेले बरे.

वजन मोजण्याची युक्ती सोपी आहे. चेसिसखाली जॅक लावून मागचा भाग तोलून धरला, शॉकअपचा खालचा बोल्ट काढला आणि मागचे चाक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर टेकवले. काट्याने चोवीस किलो दाखवले. मोटरसायकलचे दोन्ही शॉकअप खालून सोडवून तेच केले तेव्हा चौदा किलो आले. (वहिनींनी काटा परत देताना पुसून द्या असे बजावले होते, ते राहून गेले आणि त्याची किंमत चहाच्या वेळी चुकवली.)

इथे एक सावधगिरी हवी. काटा जे दाखवतो ते स्थिर वजन आहे. हलवताना जाणवणारी जडता बिजागरीपासूनच्या अंतराच्या वर्गाप्रमाणे मोजली जाते. इंजिनाचा जो भाग हँगर आणि आस यांच्या निम्म्या अंतरावर आहे, त्याचे निम्मे वजन काट्यावर येते, पण जडता मात्र पावच मोजावी लागते. म्हणून स्कूटरचा खरा आकडा चोवीसहून कमी असणार, आणि मोटरसायकलचा फारसा घटणार नाही, कारण तिचे बहुतेक वस्तुमान चाकाच्या आसावरच आहे. दोन गाड्यांतले अंतर दहा किलोंचे नसून थोडे कमी आहे, तरी ते उरतेच.

आता मागच्या रविवारचा उलटा निकाल उलगडतो. जड चाक हळू उतरते म्हणून ते दीड सेंटीमीटरवर राहिले, हलके चाक दोनवर गेले. जड चाकाला याचा फायदा मिळाला खरा, पण कडेशी टेकल्यावर दोन्ही चाके साधारण सारख्याच वेगाने वर फेकली जातात, आणि तिथे जडपणा उलटतो. वर निघालेले जड वस्तुमान थांबवून खाली आणायला स्प्रिंग आणि शॉकअपमधले तेल कमी पडते. ते वर जाताना चेसिसलाही उचलते, मग खाली यायला उशीर करते. "खड्डा वेगात काढला की लागत नाही" हे चौकातले शहाणपण निम्मे खरे आहे. वेगाने चाक कमी उतरते हे बरोबर, पण कडेवर आपटण्याचा वेग तितकाच वाढलेला असतो.

रविवार, ६ ऑगस्ट २०२३

या नोंदीत कौतुकाचे काही नाही. ओळखीच्या मिस्त्रींनी शॉकअप बसला आहे असे निदान केले आणि बाजारातला "हेवी" शॉकअप बसवून दिला. जुना शॉकअप मी हाताने दाबून पाहिला नव्हता, ही माझी चूक. चित्रणात चाक वीसऐवजी पंचवीस चित्रे हवेत राहिले. स्प्रिंग कडक झाली म्हणून धक्का अधिक जोरात चेसिसला पोचला आणि तेलाचा अवरोध मात्र होता तेवढाच राहिला. दोघे बसल्यावर शॉकअप तळाला आपटत असता तर कडक स्प्रिंगचा उपयोग झाला असता, परंतु आमची गाडी आपटत नव्हती. हे दोन दोष ऐकूनही वेगळे ओळखता येतात, कारण आपटणाऱ्या गाडीतून लोखंडावर लोखंड लागल्यासारखा एकच ठोका येतो आणि उडणाऱ्या गाडीत टायर टेकताना थप्प असा मऊ आवाज येतो. आमच्याकडे थप्पच होता. जुना शॉकअप तपासला. त्यावर तेलाचा ओघळ नव्हता आणि दाबून सोडल्यावर दांडा सावकाश वर आला. तो परत बसवला.

मंगळवार, १५ ऑगस्ट २०२३

झेंडावंदन आटोपून आल्यावर हँगरच्या बुशांकडे वळलो. शॉकअप एकच आणि तोही डाव्या बाजूला असल्यामुळे चाकावर बसणारा जोर आणि शॉकअपचा जोर एका रेषेत येत नाहीत. प्रत्येक खड्ड्यात सांगाडा थोडा पिळला जातो, आणि तो पीळ झेलायचे काम पुढच्या रबरी बुशांचे असते. बुश नवे असतील तर पीळ समजतही नाही.

तपासणी अशी केली. गाडी मेन स्टँडवर घेतली, पुतण्याने चेसिस मागच्या बाजूने घट्ट धरली आणि मी मागचे चाक डाव्या-उजव्या कडांना धरून आडवे हलवले. चाक एकटेच हलत असेल आणि इंजिनचे आवरण स्थिर असेल, तर दोष चाकाच्या बेअरिंगमध्ये किंवा आसाच्या नटमध्ये असतो. चाक आणि आवरण दोन्ही मिळून हलत असतील, तर बुश गेले. आमच्याकडे दोन्ही हलत होते, टायरच्या मागच्या कडेला मोजून आठ मिलिमीटर. दहा वर्षांच्या गाडीत हे नवल नाही. बुश काढले तेव्हा रबर एका बाजूला अंडाकृती झालेले आणि तडकलेले होते.

हा दोष मात्र स्कूटरच्या रचनेचा नसून या एका स्कूटरच्या वयाचा आहे. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, नाही तर मूळ प्रश्नाचे उत्तर त्यात मिसळून जाईल. नवे बुश दाबयंत्रावर बसवून घेतले.

हवाही तपासली. स्टिकरवर एका माणसासाठी पुढे २२ आणि मागे २९ असे लिहिलेले आहे, प्रत्यक्षात दोन्हीकडे चाळीसच्या जवळ निघाली. पंपावर "फुल भरा" म्हटल्याचा हा परिणाम. लहान टायरमध्ये कडेचा पहिला घाव पिऊन टाकायला रबराशिवाय दुसरे काही नसते, आणि इतक्या हवेला ते रबर लाकडासारखे वागते.

रविवार, २० ऑगस्ट २०२३

आज पुढच्या बाजूचे काम केले. माझी अशी कल्पना होती की स्टीयरिंगचा आस जमिनीला जिथे छेदतो तो बिंदू आणि टायर टेकण्याचा बिंदू यांतले अंतर स्कूटरमध्ये अगदी कमी असणार, आणि कडेशी टेकताना टेकण्याचा बिंदू पुढे सरकून ते उलटे होत असणार. या अंतरामुळे पुढचे चाक, पंगतीतल्या वाढपगाडीच्या फिरत्या चाकासारखे, आपोआप सरळ मागे येते. ओळंबा आणि सुतळी लावून मोजले तेव्हा स्कूटरमध्ये साडेसात आणि मोटरसायकलमध्ये नऊ सेंटीमीटर आले. पण कडेला लागताना टेकण्याचा बिंदू स्कूटरमध्ये साडेनऊ आणि मोटरसायकलमध्ये दहा सेंटीमीटरहून पुढे जातो. दोन्ही गाड्यांत तो स्टीयरिंगच्या आसापुढे जातो आणि क्षणभर चाक सरळ होण्याऐवजी वळू पाहते. माझी कल्पना बरोबर होती, फक्त ती मोटरसायकललाही लागू पडते, म्हणून फरकाचे कारण ती होऊ शकत नाही.

त्या क्षणी हँडलला वळण्यापासून रोखणाऱ्या गोष्टी मात्र वेगळ्या आहेत. मोठ्या चाकाची स्वतःची फिरकी त्याच वेगाला स्कूटरच्या चाकाच्या जवळजवळ दुप्पट भरते. लहान चाक अधिक वेगाने फिरते, पण वजन आणि त्रिज्या दोन्ही कमी असल्याने हिशेब तिकडे झुकत नाही. फिरकीला फार महत्त्वही द्यायला नको. १९७० साली एका इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने उलट फिरणारे जादा चाक लावून सायकलची फिरकी पुसून टाकली होती, आणि ती सायकल तरीही चालवता आली.

मला जास्त वजनदार वाटते ते वजनच. दोन काटे घेऊन, पुतण्याला (अडुसष्ट किलो) बसवून, दोन्ही गाड्या तोलल्या. मोटरसायकलच्या पुढच्या चाकावर ऐंशी आणि मागच्यावर शंभर किलो आले. स्कूटरच्या पुढच्या चाकावर सहासष्ट आणि मागच्यावर एकशे नऊ. मागे आणखी एक साठ किलोचे माणूस बसवले तर पुढे जेमतेम बहात्तर होतात आणि बाकी सगळे मागे जाते. इंजिन मागे, पेट्रोल मागे, बसणारा मागे सरकलेला, अशा गाडीचे पुढचे चाक धरून ठेवणारे वजन कमी आणि मागून ढकलणारे जास्त असते. मोटरसायकलवर माणूस टाकीच्या मागे, दोन चाकांच्या बऱ्यापैकी मधोमध बसतो आणि गुडघ्यांनी टाकी धरतो, त्यामुळे गाडी सरकली तरी शरीर तिच्यासोबत सरकते. स्कूटरवर धरायला फक्त हँडल आहे, आणि घाबरलेला माणूस हँडलच घट्ट धरतो, म्हणजे अंगाचा प्रत्येक हिसका स्टीयरिंगला जातो.

रविवार, ३ सप्टेंबर २०२३

नवे बुश, जुना शॉकअप, पुढे २२ आणि मागे २९ हवा, आणि वहिनी स्वतः चालक. चर अजून तसाच आहे. तीसच्या वेगाने मागचे चाक बारा-तेरा चित्रे हवेत राहिले, पूर्वी वीस होती. आडवे सरकणे ठिपक्यांवरून पाहता निम्म्याहून कमी झाले. मोटरसायकलच्या नऊ चित्रांपर्यंत ते पोचले नाही, आणि पोचण्याचे कारणही नाही, कारण काट्यावरचे चोवीस किलो बुश बदलून हलके होत नाहीत. पुढे बारा इंची चाक असलेल्या स्कूटर आता पुष्कळ दिसतात. त्यांच्या ९०/९०-१२ टायरची त्रिज्या २३३ मिलिमीटर भरते, म्हणजे हँडलचा दणका थोडा कमी होईल, मागचे उडणे आहे तसेच राहील.

आणखी एक चाचणी वहिनींच्या आग्रहावरून केली. त्या चरावर पोचेपर्यंत ब्रेक धरून ठेवत असत. ब्रेक धरलेला असताना पुढचा शॉकअप आधीच दबलेला असतो, त्याच्या उरलेल्या हालचालीत कडेचा दणका मावत नाही, आणि मागचे चाक हलके झालेले असल्याने आणखी उडते. चराच्या चार-पाच मीटर आधी वेग वीसवर आणून, ब्रेक पूर्ण सोडून आणि गाडी चराला जमेल तितकी काटकोनात घेऊन त्या गेल्या, तेव्हा चित्रणात चाक सहा चित्रांतच परत टेकले. "हे मला पहिल्याच रविवारी सांगितलं असतंत तर?" असे त्यांनी विचारले. पहिल्या रविवारी मला ते ठाऊक नव्हते, असे मी सांगितले, आणि काटा पुसून जागेवर ठेवला.